जरा सरकून घ्या

शब्दकोडं सोडवणारा माणूस मुळातच कायदा पाळणारा असतो. सिग्नल तोडेल, रांगेत घुसेल, पण एका घरात एकच अक्षर लिहायचं हा नियम तो मोडणार नाही. गंमत म्हणजे हा नियम कोड्याच्या वर, खाली, कडेला कुठेच छापलेला नसतो. लग्नपत्रिकेवर ‘कपडे घालून यावे’ असं छापत नाहीत, तसाच तो गृहीत धरलेला. आणि जे छापलेलंच नाही ते मोडलं तर दाद तरी कुणाकडे मागणार? अमेरिकेतल्या कोडंकारांनी नेमकी हीच फट हेरली. एका घरात दोन, तीन, चार अक्षरं, कधी सबंध शब्दच कोंबायचा, आणि वरती साळसूदपणे काहीच सांगायचं नाही. या प्रकाराला ते रीबस म्हणतात.

मुंबईच्या लोकलने आयुष्य काढलेल्या माणसाला रीबस समजावून सांगावा लागत नाही. तिघांच्या बाकावर चौथा येतो, ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो आणि बसतो. बाक तेवढाच राहतो, बसणारे वाढतात, आणि चौथ्याचा एक पाय वाटेत असतो. फरक इतकाच की लोकलमध्ये चौथा येणार हे आपल्याला ठाऊक असतं.

माझी या प्रकाराशी गाठ न्यू जर्सीत पडली. मुलीकडे गेलं की सकाळी करण्यासारखं फार नसतं. दूध पिशवीतून येत नाही, पेपरवाला ओळखीचा नसतो, आणि कोपऱ्यावर जाऊन उभं राहावं तर कोपऱ्यावर कुणीच नसतं. जावई मात्र रोज सकाळी कॉफीच्या कपासोबत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं कोडं घेऊन बसतो. मी रविवारच्या मराठी शब्दकोड्यांवर वाढलेला. म्हटलं, कोडं ते कोडं. तेव्हा त्याने मला त्यांचा आठवडा समजावला. सोमवारचं कोडं सगळ्यात सोपं, मग दिवसागणिक चढण, आणि शनिवारचं सगळ्यात अवघड. रविवारचं आकाराने मोठं, एकवीस बाय एकवीस घरांचं, बाकीच्या दिवशी पंधरा बाय पंधरा.

“आणि गुरुवार?” मी विचारलं.

“गुरुवारी काहीही होऊ शकतं, बाबा,” तो म्हणाला. आपल्याकडे हे वाक्य शनिवारबद्दल, तेही साडेसातीच्या संदर्भात म्हणतात.

गुरुवार हा त्यांच्याकडे चकव्याचा वार. दर गुरुवारी रीबसच असतो असं नाही. कधी शब्द कोपऱ्यात वळतो, कधी उलटा वाचावा लागतो, कधी एखादं अक्षर चौकटीबाहेर पडलेलं असतं. पण रीबसचा संशय गुरुवारी आधी घ्यावा, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असतं. सोमवारी रीबस घातला तर मात्र लोक रागावतील. म्हणजे बेकायदा वागण्यालाही वार ठरलेला. आपल्या उपवासांसारखं.

आता छापून आलेलं एखादं कोडं इथे फोडून दाखवणं बरं नाही, कुणी ते अजून सोडवायचं ठेवलं असेल. म्हणून मी स्वतःच एक कोपरा रचला आणि जावयापुढे ठेवला. सासऱ्याला जावयाची परीक्षा लग्नाआधी घेता येत नाही. मुली हल्ली तेवढा वेळच देत नाहीत. ती राहून गेलेली परीक्षा अशी घेतली.

कोपऱ्यात उभा शब्द चार घरांचा. क्लू : ‘रँचवर पाळलेली जनावरं’. जावयाने क्षणात लिहिलं, काऊज. सी, ओ, डब्ल्यू, एस. चार घरं, चार अक्षरं, प्रश्न मिटला. या उभ्या शब्दाच्या पहिल्या घरातून एक आडवा शब्द जात होता, पाच घरांचा. क्लू : ‘शिकवणे’. उभ्या शब्दाचं पहिलं घर हे आडव्याचं चौथं घर. म्हणजे चौथं अक्षर सी. पहिली तीन घरं इतर उभ्या शब्दांतून त्याला मिळाली होती : ई, डी, यू. शेवटच्या घरात ई. झालं एड्यूस. ई, डी, यू, सी, ई.

“एड्यूस म्हणजे शिकवणे?” मी निरागसपणे विचारलं.

“शब्द आहे तो इंग्रजीत,” तो म्हणाला. “म्हणजे बाहेर काढणे. गुरू शिष्याच्या आतलं ज्ञान बाहेर काढतो, या अर्थी असेल.”

रीबस कोड्यात माणूस अडकतो तो असा. तो अडाणी असतो म्हणून अडकत नाही, फार शिकलेला असतो म्हणून अडकतो. चुकीच्या उत्तराला आधार द्यायला त्याच्यापाशी गुरुशिष्यपरंपरा तयार असते. गाय बसली, एड्यूस बसला, आता कोपरा हलणार नाही अशी त्याची खात्री. मग तो खालच्या आडव्या शब्दांकडे वळला. ते तिन्ही मी मुद्दाम बालवाडीतले ठेवले होते. ‘लाल दिव्याचा हुकूम’, चार घरं : स्टॉप, आणखी काय असणार? पण त्याचं दुसरं घर म्हणजे गायीचं दुसरं घर, आणि तिथे ओ बसलेला. स्टॉपऐवजी ‘सूप’ होत होतं, तेही इंग्रजीत न चालणाऱ्या स्पेलिंगचं. ‘तंबू’, चार घरं : टेंट. त्याच्या दुसऱ्या घरात गायीचा एस. टी, एस, एन, टी. असा तंबू कुणी ठोकत नाही. ‘आणखी, दुसरं’ : एल्स, दुसऱ्या घरात एल हवा, तिथे डब्ल्यू.

इथे जावयाची चेष्टा थांबवून एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. अमेरिकन कोड्यात प्रत्येक पांढरं घर आडव्या शब्दातही असतं आणि उभ्या शब्दातही. एकही घर एकटं नसतं. इंग्लंडकडच्या, म्हणजे आपल्या इंग्रजी पेपरांत येणाऱ्या गूढ कोड्यांची चौकट जाळीदार असते. तिथे शब्दातली बरीच अक्षरं कुणालाच छेदत नाहीत आणि ती पडताळता येत नाहीत. अमेरिकन चौकटीत मात्र प्रत्येक अक्षराला दोन साक्षीदार असतात. म्हणूनच तिथे रीबस घालण्याची हिंमत होते. कोडंकार एका घरात तीन अक्षरं दडवतो, पण ती तीनही अक्षरं आडव्या शब्दातही लागतात आणि उभ्यातही. फसवणूक आहे, पण हिशेब दोन्ही बाजूंनी चोख.

तर एक साक्षीदार खोटा पडला तर आपण त्यालाच खोटा ठरवतो. तीन साक्षीदार एकाच गायीविरुद्ध बोलू लागले की गाय संशयित. जावयाने गाय पुसली. आता उभ्या शब्दात खालची तीन घरं पक्की : टी, एल, ई. वरचं पहिलं रिकामं. चार घरांचा, टीएलईने संपणारा, रँचवरच्या जनावरांचा शब्द. तो पुटपुटला, “कॅटल. पण ते सहा अक्षरी. सी, ए, टी, टी, एल, ई.” मग पेन्सिल थांबली. ती थांबली की ओळखावं. पहिल्या घरात सी, ए, टी ही तीनही अक्षरं घातली की कॅटल चार घरांत बसतो. आणि आडवा? ई, डी, यू, मग त्या घरातले सी-ए-टी, मग ई. एज्युकेट. सात अक्षरं, पाच घरं. गुरुशिष्यपरंपरा जिथल्या तिथे गेली.

“घरात मांजर आहे!” तो ओरडला. आतून मुलगी धावत आली, कारण तिला मांजराची ऍलर्जी आहे.

एक मांजर सापडलं म्हणजे काम संपत नाही, उलट तिथून सुरू होतं. एका घरासाठी एवढा खटाटोप सहसा कुणी करत नाही. चौकटीत आणखी मांजरं असणारच. मग माणूस भिंगातून बघावं तसं कोडं बघतो. ‘सुट्टी’ला सहाच घरं आहेत? व्हेकेशनमधलं सी-ए-टी एका घरात टाका, सहा होतात. ‘शोधून काढणे’ला चार? लोकेट. काही कोडंकार सज्जन असतात, ते ही घरं चौकटीत समोरासमोर मांडतात. अमेरिकन चौकट अर्धी फिरवली तरी काळी घरं जिथल्या तिथे येतात, आणि रीबसही त्याच तोलात ठेवला असेल तर एक मांजर सापडताच त्याचं जोडीदार कुठे बसलंय ते मोजून काढता येतं. पण बरेचजण सज्जन नसतात. ते मांजरांना मोकळं सोडतात.

कोडंकाराची स्वतःची अब्रूही इथे पणाला लागते. सगळ्यात बेढब रीबस म्हणजे ज्यात दडवलेला शब्द आपल्या मूळ अर्थानेच बसतो. शब्द ‘ऍली कॅट’ म्हणजे गल्लीतलं मांजर, आणि त्यातलं मांजर एका घरात, यात काय कौशल्य? एज्युकेटमध्ये, व्हेकेशनमध्ये, कॅटलमध्ये मांजर दिसतं पण मांजराशी संबंध नसतो, ते खरं दडणं. शिवाय चौकटीत दुसरीकडे कुठे सी-ए-टी तीन सुट्या घरांत पसरलेलं सापडलं तर जाणकार नाक मुरडतात. पाळलेली मांजरं सगळी पेटीतच हवीत, भटकं एकही नको.

आणि पेटी का, ते शेवटी कळतं. अशा कोड्यात बहुतेक वेळा एक शब्द गुपित फोडणारा असतो, तो साधारण खालच्या भागात ठेवतात. मी ठेवलेला क्लू असा होता : ‘घराच्या कोपऱ्यातली वाळू भरलेली वस्तू, आणि या कोड्यातल्या काही घरांचं वर्णन’. नऊ घरं. लिटर बॉक्स, म्हणजे मांजराची शी-शूची पेटी. प्रत्येक रीबस घर ही एक पेटी, आत मांजर. जावयाने कपाळावर हात मारला. बायको म्हणाली, “यासाठी तुम्ही दोघं पाऊण तास जेवायचे थांबलात?”

सोडवताना हे लिहायचं कसं, हा निराळाच संसार. कागदावर लिहिणारे तीन अक्षरं मुंगीएवढी करून घरात बसवतात, आणि मग स्वतःचंच अक्षर चष्मा काढून वाचतात. कलाप्रेमी असतात ते मांजराचं तोंड काढतात. दोन कान, तीन मिशा, संपलं. फोनवर खेळणाऱ्यांसाठी कळफलकावर रीबसचं वेगळं बटण असतं, संगणकावर एस्केपची कळ दाबली की घर रुंदावतं आणि हवी तेवढी अक्षरं आत जातात. पण बहुतेक कोड्यांत त्या घरात नुसतं पहिलं अक्षर लिहिलं तरी ते बरोबर मानलं जातं. म्हणजे मांजराचा नुसता सी पुरतो. आमचा जावई हे तत्त्वतः मानत नाही. तो तीनही अक्षरं टाइप करतो आणि कोडं सुटल्याची ती छोटी धून वाजली की समाधानाने मान डोलावतो. ही धून मुलगी स्वयंपाकघरातून ऐकते आणि गॅस पेटवते.

रीबसचा एक चुलतभाऊ आहे, तो याहून बेरकी. याच्यात घरात अक्षर एकच, पण ते दोन प्रकारे भरता येतं आणि दोन्ही बरोबर. याला श्रोडिंगर कोडं म्हणतात, पेटीत एकाच वेळी जिवंत आणि मेलेल्या त्या मांजरावरून. म्हणजे मांजर इथेही सुटलं नाही. याचा शिरोमणी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये 5 नोव्हेंबर 1996 रोजी आला. त्या दिवशी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान होतं. कोडं रचणारे जेरेमाया फॅरेल हे इंडियानातल्या बटलर विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. चौकटीच्या मध्यावर क्लू होता, उद्याच्या पेपरातली मुख्य बातमी. उत्तर दोन शब्दांत : अमुक निवडून आले. सात घरं नावासाठी.

आता क्लिंटन सात अक्षरांचे. आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, बॉब डोल, नाव-आडनाव सलग लिहिलं की तेही सात. कुणीही लिहा, बसतो. पण उभ्या शब्दांचं काय? तिथेच प्राध्यापकांची करामत. पहिल्या अक्षरातून जाणाऱ्या उभ्या शब्दाचा क्लू होता, हॅलोविनचा काळा प्राणी. क्लिंटनचा सी धरला तर कॅट, बॉबचा बी धरला तर बॅट, म्हणजे वटवाघूळ. दोन्ही काळी, दोन्ही हॅलोविनची. शिवणकामाच्या दुकानातली खरेदी : यार्न, म्हणजे सूत, किंवा यार्ड, म्हणजे वारभर कापड. असे सातही उभे शब्द दोन्ही बाजूंनी चालणारे. त्या काळी कोड्यांचे संपादक विल शॉर्ट्झ. हे गृहस्थ 1993 पासून त्या जागेवर आहेत, आणि त्यांनी इंडियाना विद्यापीठातून कोडेशास्त्राची पदवी घेतली आहे, तो अभ्यासक्रम स्वतःच आखून. (आपल्याकडे हे घरी सांगितलं असतं तर वडिलांनी प्रथम बीकॉम करायला लावलं असतं.) मतदान चालू असताना पेपरने निकाल कसा काय छापला, म्हणून त्यांना रागावलेल्या वाचकांचे फोन आले. क्लिंटन भरलेल्यांना कोडं क्लिंटनच्या बाजूचं वाटलं, डोल भरलेल्यांना डोलच्या. दोन्ही गटांच्या हातात एकच चौकट होती. 

हे सगळं शिकून मी पुण्याला परतलो तो डोक्यात खूळ घेऊन. मराठीत रीबस करावा. पहिल्याच बैठकीत लक्षात आलं की आपल्या कोड्यात गर्दी आधीपासूनच आहे. आपण घरात सुटं अक्षर लिहीत नाही, काना-मात्रा-जोडाक्षरासकट सबंध अक्षर लिहितो. ‘महाराष्ट्र’ चार घरांत बसतो : म, हा, रा, ष्ट्र. शेवटच्या एका घरात इंग्रजीतली निदान चार-पाच अक्षरं मुकाट्याने बसलेली. ‘कार्त्स्न्य’ दोन घरांत आटपतो, आणि दुसऱ्या घरात पाच व्यंजनं. न्यू जर्सीत ज्यावर आरडाओरडा होतो ते इथे रोजचं आहे. याचा त्रास कोडंकाराला होतो. ‘ष्ट्र’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, म्हणून ते घर उभ्या शब्दाच्या डोक्यावर बसतच नाही, बहुधा शेवटी टाकावं लागतं, सौराष्ट्र किंवा धृतराष्ट्राच्या पायाशी. आणि ‘कार्त्स्न्य’चं ते घर तर कुणाच्याच पायाशी बसत नाही, म्हणून त्याच्या वर-खाली काळी घरं ठेवून त्याला एकांतवास द्यावा लागतो.

म्हणजे मराठी रीबससाठी एका घरात दोन-तीन सबंध अक्षरं हवीत. मी ‘गर’ निवडला. आडवा शब्द : सागर, दोन घरांत, सा आणि गर. त्याच दुसऱ्या घरातून उभा शब्द : गरज, तोही दोन घरांत, गर आणि ज. बायको गेली तीस-पस्तीस वर्षं रविवारचं कोडं शाईच्या पेनने सोडवते, तेव्हा तिच्यापुढेच ठेवलं. आडवा क्लू, समुद्र. तिने डोळे मिटून लिहिलं, अब्धि. अ, ब्धि. दोन घरं. कोडी सोडवणाऱ्यांना समुद्राला अब्धि आणि सिंधु ही नावं तोंडपाठ असतात. अमेरिकन कोड्यात ओरिओ बिस्किट जितक्या वेळा येतं तितक्या वेळा आपल्याकडे अब्धि येतो. पण उभ्या शब्दाला आता ‘ब्धि’ने सुरुवात करायची पाळी आली.

“उभा क्लू काय दिलाय? निकड. ब्धिने निकड कशी होईल?” ती म्हणाली. “चुकलंय काहीतरी तुमचं.”

इथे मला आपली आणखी एक अडचण कळली. मराठी कोड्यात क्लूपुढे अक्षरसंख्या देण्याची पद्धत आहे. अमेरिकन कोड्यात ती देत नाहीत, म्हणून त्यांचं गुपित टिकतं. मी नियम पाळायचा म्हणून प्रामाणिकपणे छोटासा तीनचा आकडा घातला, सागरपुढेही आणि गरजपुढेही. मनात म्हटलं, हाच इशारा. आकडा तीन, घरं दोन, आता तिला कळेलच की कुणीतरी सरकून घ्यायचंय.

तिने कागद जवळ घेतला, आकडे बघितले, घरं मोजली. “अहो, छपाईची चूक आहे,” असं म्हणून तिने पट्टी मागवली आणि सागरच्या उजवीकडे एक नवं घर काढलं. मग गरजच्या खालीही एक काढलं. सा, ग, र. ग, र, ज. दोन्ही शब्द ‘ग’वर बरोबर छेदले. मी उत्तर देण्याच्या आत तिने दोन्ही घरांच्या रेघा गडद केल्या आणि पुढच्या वेळी नीट मोजून रचत जा, असं सांगून कुकरची शिट्टी बघायला गेली.